पोच देण्याआधीची वीस मिनिटं: आलेला माल तपासणं, तूट-फूट नोंदवणं आणि पुरवठादाराकडे तक्रार मांडणं

स्टोअरमध्ये नवीन लागलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, हातात देतो आणि विचारतो, "यावर सही केलीस की तू काय कबूल केलंस?" बहुतेक जण म्हणतात, "माल मिळाला." उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. कोरी सही म्हणजे बिल्टीवर लिहिलेले सगळे नग, वरून दिसायला चांगल्या स्थितीत मिळाले, अशी कबुली. त्यानंतर गाडी गेटबाहेर पडली की "एक खोकं कमी होतं हो" या वाक्याला फारशी किंमत उरत नाही. म्हणून तूट-फुटीचा अहवाल संध्याकाळी संगणकावर टाइप होत असला, तरी तो टिकणार की पडणार हे डॉकवर, पोच देण्याआधीच्या वीस मिनिटांत ठरतं.

हे सगळं एकाच मालावरून समजावून सांगतो. आमचा भोसरी एमआयडीसीतला पंपांचा छोटा कारखाना. राजकोटच्या एका पुरवठादाराकडून ६२०३ झेडझेड बेअरिंग मागवली होती: ४,८०० नग, दर ४८ रुपये, अधिक १८ टक्के आयजीएसटी. एका खोक्यात २०० नग, म्हणजे एकूण २४ खोकी. ८ जुलैला माल राजकोटला बुक झाला आणि ११ जुलैला ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून आमच्या दारात आला. माल पूर्ण गाडीचा नव्हता, सुटा होता. म्हणजे वाटेत किमान एका गोदामात तो उतरला, दुसऱ्यांच्या मालात मिसळला आणि पुन्हा चढला. सुटा माल येतो तेव्हा नग हरवण्याची शक्यता जास्त, आणि हरवलेला नग चार दिवसांनी सापडण्याचीही.

गाडी खाली करण्याआधी

चार कागद समोर ठेवायचे: आपली खरेदी ऑर्डर, पुरवठादाराचं बिल, बिल्टी आणि ई-वे बिल. प्रत्येक कागद वेगळं सांगतो. ऑर्डर सांगते आपण काय मागितलं, बिल सांगतं पुरवठादार कशाचे पैसे मागतोय, बिल्टी सांगते ट्रान्सपोर्टने किती नग ताब्यात घेतले. ई-वे बिलावर सध्याच्या गाडीचा नंबर आहे का ते बघायचं. वाटेत गाडी बदलली असेल तर तो बदललेला असायला हवा; फक्त ट्रान्सपोर्टच्या गोदामापासून आपल्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंतचा असेल, तर तो बदलावा लागत नाही.

नवीन माणूस नेमका इथे गोंधळतो. बिलावर ४,८०० नग असतात आणि बिल्टीवर २४ नग. बिल्टीतला 'नग' म्हणजे खोकं. ट्रान्सपोर्टवाल्याने बेअरिंग मोजलेली नसतात, त्याने २४ बंद खोकी उचललेली असतात. बहुतेक बिल्ट्यांवर 'सेड टू कंटेन' असं छापलेलंही असतं: आत काय आहे ते पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलंय, आम्ही पाहिलेलं नाही. पुढे कोणाकडे काय मागायचं, हे या तीन शब्दांवर ठरतं. खोकं कमी आलं तर प्रश्न वाहतुकीचा. खोकं शाबूत, टेप शाबूत आणि आत माल कमी, तर प्रश्न पॅकिंगचा.

ऑर्डरवर आणखी एक ओळ वाचून ठेवायची: मालाची जोखीम कोणाकडे. आमची ऑर्डर 'एफओआर भोसरी' होती, म्हणजे माल आमच्या दारात पोचेपर्यंत जबाबदारी पुरवठादाराची. त्यामुळे वाटेत हरवलेल्या खोक्याचाही दावा आम्ही त्याच्याकडेच लावायचा, मग तो ट्रान्सपोर्टशी भांडेल. ऑर्डर 'एक्स-वर्क्स' असती, तर माल राजकोटच्या गेटबाहेर पडल्यापासून जोखीम आमची. मग हरवलेल्या खोक्यासाठी पुरवठादाराला पत्र लिहून उपयोग नाही. दावा ट्रान्सपोर्टवर आणि आपल्या ट्रान्झिट विम्यावर. अशा वेळी विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल हलवायचा नाही.

खाली करताना

टेम्पोचं दार उघडलं की पहिला हात मोबाइलला, मग मालाला. गाडीचा नंबर दिसेल असा एक फोटो. आतला माल जसा रचलाय तसा एक फोटो. ताडपत्री फाटलेली, तळाशी पाणी किंवा एखादं खोकं दबलेलं दिसलं, तर ते जागेवर असतानाच फोटो घ्यायचा. खोकं खाली उतरवून डॉकवर ठेवलं की ते 'गाडीतच ओलं होतं की तुमच्या डॉकवर भिजलं' हा वाद सुरू होतो, आणि जुलै महिन्यात भोसरीत तो प्रश्न कोणीही विचारू शकतो.

मोजणी हमालांवर सोडायची नाही. ते प्रामाणिक असतात, पण त्यांचं लक्ष गाडी लवकर खाली करण्यात असतं. आपण डॉकच्या तोंडाशी उभं राहायचं, हातात टॅली शीट घ्यायची आणि खोक्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचून खूण करायची. चांगला पुरवठादार खोक्यांवर १/२४, २/२४ असे क्रमांक घालतो. हे क्रमांक सोन्यासारखे असतात, कारण 'एक खोकं कमी' आणि '१७ क्रमांकाचं खोकं कमी' यात फार अंतर आहे. दुसरं वाक्य ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाऊन खोकं शोधू शकतं. क्रमांक नसतील तर उतरवता उतरवता आपणच मार्करने घालायचे.

त्या दिवशी २३ खुणा झाल्या. १७ क्रमांकाची जागा रिकामी राहिली. आणि ९ क्रमांकाचं खोकं एका कोपऱ्यातून फुटलेलं, तळाला ओलं.

ओलं खोकं दिसलं की आधी ते किती जुनं ओलं आहे ते बघायचं. आत्ताच भिजलेला पुठ्ठा गडद दिसतो आणि हाताला गार लागतो. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यावर समुद्राच्या भरतीसारखी तपकिरी-पांढरट रेघ उमटलेली असते आणि तो भाग कडक, सुरकुतलेला लागतो. आमच्या ९ क्रमांकावर दोन्ही होतं: वाळलेली रेघ आणि तिच्या आत नवा ओलावा. म्हणजे ते एकदा आधी भिजलं होतं. हे निरीक्षण अहवालात लिहायचं. कारण 'तुमच्या डॉकवर भिजलं असेल' या म्हणण्याला वाळलेली रेघ हेच उत्तर आहे.

शेरा

आता टेम्पोचा चालक घाई करायला लागतो. त्याला आणखी तीन ठिकाणी माल टाकायचाय, त्याचं चुकत नाही. पण पोच द्यायची ती शेरा लिहूनच, आणि शेरा दोन्ही प्रतींवर: जी आपल्याकडे राहते तिच्यावर आणि जी तो परत नेतो तिच्यावरही. नुसत्या आपल्या प्रतीवर लिहिलेला शेरा म्हणजे स्वतःच्या डायरीतली नोंद.

आम्ही लिहिलेला शेरा असा होता:

"२४ पैकी २३ नग मिळाले. खोके क्र. १७ मिळाले नाही. खोके क्र. ९ चा कोपरा फुटलेला व तळ ओला. आतील माल मोजलेला नाही. ११ जुलै, सकाळी ११.४०, गाडी क्र. …"

खाली आमची सही, शिक्का, आणि चालकाची सही, नाव, मोबाइल नंबर. आकडा, क्रमांक, स्थिती, वेळ, बस. कोणी भिजवलं, कोणी हरवलं यावर मत लिहायचं नाही. शेऱ्यात फक्त जे दिसतंय ते.

सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक बिल्टीवर डोळे मिटून 'तपासणीच्या अधीन' असा शिक्का मारायचो आणि निर्धास्त असायचो. एकदा चार खोकी फुटून आली, मी तोच शिक्का मारला, आणि महिन्याभराने ट्रान्सपोर्टच्या माणसाने शांतपणे विचारलं, "साहेब, हा शिक्का तर तुमच्या सगळ्याच बिल्ट्यांवर असतो. त्या दिवशी वेगळं काय झालं होतं, ते कुठे लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरवठादाराला आम्ही त्या फुटलेल्या मालाचे पूर्ण पैसे दिले.

चालक शेऱ्याखाली सही करायला नकार देतो, असंही होतं. भांडत बसायचं नाही. 'चालकाने सही करण्यास नकार दिला' असं लिहायचं, गेटवरच्या सुरक्षारक्षकाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि तिथूनच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला शेऱ्याच्या फोटोसह मेसेज आणि ई-मेल करायचा. वेळ त्यावर आपोआप उमटते.

फुटलेलं खोकं मौल्यवान मालाचं असेल, तर 'ओपन डिलिव्हरी' मागता येते: ट्रान्सपोर्टचा माणूस समोर उभा असताना खोकं उघडायचं, मोजायचं आणि त्याने त्याचा दाखला लिहून द्यायचा. हरवलेल्या नगासाठीही ट्रान्सपोर्टकडून शॉर्ट सर्टिफिकेट, म्हणजे नग कमी आल्याचा दाखला, मागून घ्यायचं. ते लगेच देत नाहीत, आधी आपलं गोदाम शोधतात. पण मागणी लेखी करून ठेवायची.

बंद खोकी: वजनाने चोर पकडणं

टेम्पो गेला. आता २३ खोकी डॉकवर आहेत, त्यातली २२ बाहेरून स्वच्छ. नव्या माणसाला इथे काम संपल्यासारखं वाटतं. खरं तर दुसऱ्या प्रकारची तूट आत्ता सापडते किंवा कधीच सापडत नाही. दोन महिन्यांनी असेंब्ली लाइनवर खोकं उघडल्यावर २० नग कमी निघाले, तर पुरवठादार ते मान्य करणार नाही. त्याच्या जागी मीही केलं नसतं. दोन महिने खोकं तुमच्या रॅकवर होतं.

४,६०० बेअरिंग हाताने मोजायला अर्धा दिवस जाईल. पण प्लॅटफॉर्म काट्यावर २३ खोकी ठेवून वजन घ्यायला पाव तास पुरतो. एका ६२०३ बेअरिंगचं वजन साधारण ६५ ग्रॅम, म्हणजे २०० नगांचे १३ किलो, आणि खोकं, प्लास्टिक, कागद धरून अंदाजे १३.६ किलो. अपेक्षित वजन आधी माहीत नसलं तरी अडत नाही. सगळी खोकी सारखी असतील तर त्यांची वजनंही सारखी यायला हवीत. आपण फक्त रांगेतला वेगळा शोधतोय.

आमची चांगली खोकी १३.५ ते १३.७ किलोच्या मध्ये येत होती. १४ क्रमांकाचं खोकं आलं १२.३. फरक १.३ किलो. भागिले ६५ ग्रॅम, म्हणजे २० नग. ही बेअरिंग दहा-दहाच्या नळ्यांमध्ये भरलेली येतात, त्यामुळे अंदाज लगेच बसला: दोन नळ्या कमी.

या युक्तीला मर्यादा आहेत आणि त्या माहीत हव्यात. चांगल्या खोक्यांच्या वजनातच २०० ग्रॅमची तफावत आहे, तेव्हा एक-दोन बेअरिंगची तूट यात दिसणार नाही. एक पूर्ण नळी, म्हणजे ६५० ग्रॅम, मात्र नक्की दिसेल. आणि ओल्या खोक्याच्या बाबतीत वजनावर अजिबात विसंबायचं नाही. पुठ्ठा पाणी शोषतो. आत माल कमी असला तरी पाण्याने वजन भरून निघतं. आमचं ९ क्रमांकाचं खोकं १३.९ भरलं होतं, सगळ्यात जड. ओलं किंवा फुटलेलं खोकं नेहमी उघडून हाताने मोजायचं.

हलकं खोकं सापडलं की ते घाईने उघडायचं नाही. आधी काट्याच्या आकड्यासह फोटो. शेजारी एक चांगलं खोकं ठेवून त्याचाही. मग टेप चारही बाजूंनी: पुरवठादाराच्या नावाची छापील टेप सलग आहे का, तिच्यावर दुसरी साधी तपकिरी टेप मारलेली आहे का, टेप उचलून पुन्हा चिकटवल्याने पुठ्ठ्याचा कागद सोललेला दिसतोय का. आमच्या १४ क्रमांकावर छापील टेप सलग आणि शाबूत होती. तशी ती नसती, तर ही तूट वाहतुकीतल्या चोरीची ठरली असती आणि मी शेऱ्यात ती लिहिली नाही म्हणून अडकलो असतो. म्हणूनच टेपवर नजर गाडी खाली करतानाच टाकायची सवय लावून घ्यावी.

मग दोन माणसांसमोर उघडायचं, एक स्टोअरचा आणि एक दुसऱ्या खात्याचा, आम्ही क्वालिटीतल्या मुलीला बोलावतो. मोजणी: १८० नग. खोक्यातली पॅकिंग स्लिप आणि त्यावरचा पॅक करणाऱ्याचा शिक्का जपून ठेवायचा. ९ क्रमांक उघडलं: नग पूर्ण २००, पण तळाच्या पाच नळ्यांमधल्या ५० बेअरिंगवर गंज.

उरलेल्या मालाची गुणवत्ता तपासणी हा वेगळा विषय आहे. ती नमुन्यावर होते. आमच्याकडे आयएस २५०० च्या तक्त्यानुसार, आणि या आकाराच्या लॉटमधून २०० नग काढून. पण मोजणी नमुन्यावर होत नाही. आणि नमुन्यात सापडलेले आवाज करणारे बेअरिंग आणि वाटेत गंजलेले बेअरिंग एकाच अहवालात घालायचे नाहीत. पहिला दोष बनवणाऱ्याचा, दुसरा पॅकिंगचा किंवा वाहतुकीचा. एकत्र केले की पुरवठादार एकाचं उत्तर देऊन दुसऱ्यावर गप्प बसतो.

जीआरएन: जे आलं तेच लिहायचं

आता आवक नोंद, म्हणजे जीआरएन. इथली चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. बिलावर ४,८०० आहेत म्हणून जीआरएनवरही ४,८०० टाकतात, 'बिल जुळायला हवं ना, तूट नंतर वजा करू.' मग अकाउंट्स ते बिल पूर्ण पास करतं, संगणकात न आलेली २२० बेअरिंगही दिसत राहतात, आणि लाइनवर माल संपतो तेव्हा सगळे स्टोअरकडे बघतात.

आमचे आकडे असे लागले:

| | नग |
|---|---|
| बिलाप्रमाणे | ४,८०० |
| खोकं क्र. १७ आलं नाही | २०० |
| खोकं क्र. १४ मध्ये कमी | २० |
| प्रत्यक्ष मिळाले | ४,५८० |
| खोकं क्र. ९ मध्ये गंजलेले | ५० |
| स्वीकारले | ४,५३० |

जीआरएनवर मिळालेले ४,५८०, स्वीकारलेले ४,५३०, नाकारलेले ५०. गंजलेल्या ५० नगांवर लाल टॅग लावून ते वेगळ्या जाळीत ठेवले, ओल्या खोक्यासकट. खोकं फेकून द्यायचा मोह होतो कारण ते घाण दिसतं. पण तोच पुरावा आहे. पुरवठादाराचा निर्णय येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नाकारलेला माल आपल्या खर्चाने परत पोचवायची सक्तीही आपल्यावर नाही: माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नाकारल्याचं विक्रेत्याला कळवणं पुरेसं असतं.

अकाउंट्सला जीआरएनसोबत एक वाक्य लिहून द्यायचं: 'बिल ४,८०० चं आहे, माल ४,५८० आला.' जीएसटीचं क्रेडिट मिळालेल्या मालावर घेता येतं, न आलेल्या मालावर नाही. त्यांना ते माहीत असतं, पण माल किती आला हे त्यांना फक्त आपल्याकडूनच कळतं.

अहवाल

अहवाल लिहायला तासाभरापेक्षा जास्त लागू नये, आणि तो शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावा. आधी ऑर्डरच्या अटी बघायच्या; बऱ्याच पुरवठादारांच्या अटींत तूट कळवण्याची मुदत ४८ तास किंवा ७ दिवस असते. त्यापलीकडे कायद्याच्या दोन मुदती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं, आणि पैसे देण्याची मुदत तिथपासून धावू लागते. लेखी हरकत वेळेत घेतली असेल, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा. आमच्यासाठी ही मुदत २६ जुलैपर्यंत होती. फोनवर सांगितलेलं यात मोजलं जात नाही.

दुसरी मुदत ट्रान्सपोर्टची. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ प्रमाणे, माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला दिली नाही, तर पुढे दावाच लावता येत नाही. मुदत डिलिव्हरीपासून नव्हे, बुकिंगपासून मोजली जाते. आमचा माल ८ जुलैला बुक झाला, म्हणजे ४ जानेवारीपर्यंत. एफओआर असल्याने ही नोटीस द्यायची काळजी पुरवठादाराची, पण मी तिची आठवण अहवालात एका ओळीत करून देतो.

अहवालाची भाषा कोरडी ठेवायची. सुरुवातीला ओळख पटवणारे आकडे: आमच्या अहवालाचा क्रमांक, ऑर्डर, बिल, बिल्टी, जीआरएन यांचे क्रमांक आणि तारखा. मग प्रत्येक तफावत वेगळ्या परिच्छेदात, तिच्या पुराव्यासकट. १४ क्रमांकाचा परिच्छेद असा होता:

"खोके क्र. १४/२४: छापील टेप सलग व शाबूत. वजन १२.३ किलो, याच मालातील अन्य खोक्यांचे वजन १३.५ ते १३.७ किलो. दोन व्यक्तींसमोर उघडून मोजले असता १८० नग, म्हणजे २० नग कमी. फोटो ७ ते ११ सोबत. आतील पॅकिंग स्लिप आमच्याकडे सुरक्षित."

यात 'तुमच्या लोकांनी कमी भरलं' असं कुठेच नाही. ते वाचणाऱ्याला स्वतःच कळतं, आणि त्याला चिडायला जागा राहत नाही.

शेवटी मागणी, आणि ती एकच असावी. 'बदली माल द्या किंवा क्रेडिट नोट द्या किंवा जे योग्य वाटेल ते करा' असं लिहिलं की पंधरा दिवस काहीच होत नाही. आम्हाला माल पुढच्या ऑर्डरमध्ये मिळणारच होता, म्हणून आम्ही क्रेडिट नोट मागितली. हिशेब: २२० तूट अधिक ५० खराब, एकूण २७० नग. २७० गुणिले ४८ म्हणजे १२,९६० रुपये. त्यावर १८ टक्के, २,३३२.८० रुपये. एकूण १५,२९२.८० रुपये. आमच्या अकाउंट्सने या रकमेची डेबिट नोट काढली. पण आपल्या डेबिट नोटने पुरवठादाराचा कर कमी होत नाही. त्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली त्यालाच क्रेडिट नोट काढावी लागते. ती हातात येईपर्यंत अहवाल उघडा ठेवायचा.

उत्तर आल्यावर

पुरवठादाराचा फोन आला. आधी नेहमीचं वाक्य, "आमच्याकडून बरोबर २०० भरले होते." मी फक्त वजनाचा फोटो आणि पॅकिंग स्लिपवरचा शिक्का पुन्हा पाठवला. दुपारी त्यांचा पॅकिंगचा माणूस ओळखला गेला आणि २० नगांचा विषय संपला.

मग दुसरा प्रस्ताव, जो प्रेमाने येतो आणि म्हणून धोक्याचा असतो: "साहेब, कागद कशाला, पुढच्या गाडीत २७० जास्त टाकतो." हो म्हणायचं नाही. पुढच्या गाडीच्या बिलावर ते २७० नसतील. त्या दिवशी डॉकवर जो उभा असेल त्याला माल जास्त दिसेल. तो एकतर परत पाठवेल किंवा नोंद न करता रॅकवर ठेवेल. बदली माल घ्यायचाच असेल, तर तो स्वतःच्या कागदपत्रांवर, आपल्या अहवालाचा क्रमांक लिहून यायला हवा.

आणि १५ जुलैला, सकाळी दहाच्या सुमारास, गेटवरून फोन: ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत आमचं एक खोकं आहे. १७/२४. त्यांच्या गोदामात दुसऱ्या कोणाच्या मालाखाली दबलेलं सापडलं होतं. ते जुन्या आवक नोंदीत घुसडलं नाही. नवीन गेट एन्ट्री, बिल्टीवर 'मूळ मालातील राहिलेला नग, १५ जुलैला मिळाला' असा शेरा, वजन १३.६, उघडून मोजणी २००, आणि वेगळा जीआरएन. शॉर्ट सर्टिफिकेटची मागणी मागे घेतल्याचं ट्रान्सपोर्टला लेखी कळवलं.

मग अहवालाला 'सुधारित १' असा क्रमांक देऊन पुन्हा पाठवला. जुना मिटवून नाही, तर त्याच्या खाली जोडून. आता मागणी २० अधिक ५०, म्हणजे ७० नगांची: ३,३६० रुपये, कर ६०४.८०, एकूण ३,९६४.८० रुपये. पहिली डेबिट नोट रद्द करून या रकमेची नवी काढली. पुरवठादाराने गंजलेले नग परत मागवले नाहीत, तिथेच भंगारात काढा असं लेखी दिलं. क्रेडिट नोट २९ जुलैला आली, रक्कम जुळली, आणि ओलं खोकं त्या दिवशी संध्याकाळी रद्दीत गेलं.